भाव करायचा, पण खोटं न बोलता



माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नोकरीसाठी सांगलीहून मीरा रोडला राहायला आली आहे. मैत्रिणीबरोबर भाड्याने घेतलेल्या घरात एक गादी, एक शेगडी आणि दोन बादल्या, एवढाच संसार. म्हणून एका रविवारी तिला घेऊन मी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात गेले. पायपुसणी, उशांचे अभ्रे, चादर, भांडी घासायची जाळी, कपडे वाळत घालायची दोरी, अशी लांबलचक यादी होती.

ही मुलगी हुशार आहे, पण भाव करणं तिला माहीतच नाही. तिची बहुतेक खरेदी मोबाईलवर, नाहीतर मॉलमध्ये. तिथे किंमत छापलेली असते; घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढे चला. मी तिला म्हटलं, "दुकानदार जेवढे सांगेल त्याच्या निम्मे माग आणि मग बघ काय होतं." आता वाटतं, शिकवायला सुरुवात केली तीच अर्धवट केली.

पायपुसण्यांच्या गाडीपाशी ती थांबली. जाडसर, सुती, बरं होतं पायपुसणं. त्या माणसाने दोनशे सांगितले. हिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "शंभर." तो म्हणाला, "ले जाओ." आणि पिशवी काढायलाही लागला.

तिचा चेहरा पडला. लगेच हो म्हणाला म्हणजे आपण फसलो, असं तिला वाटलं. "नको, ऐंशी," ती म्हणाली. त्याचा हात पिशवीतच थांबला. "दीदी, आपने ही तो सौ बोला." हिने पायपुसणं खाली ठेवलं आणि चालायला लागली. मागून तो काय पुटपुटला ते मला ऐकू आलं. ते इथे लिहीत नाही, पण त्याची चूक नव्हती.

मी तिला वीस पावलांवर गाठलं आणि परत नेलं. शंभराची नोट त्याच्या हातात ठेवली, पायपुसणं घेतलं. घरी जाताना रिक्षात ती गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, पण ऐंशीला मिळालं असतं ना?"

मिळालं असतं कदाचित. पण दहा सेकंदांपूर्वी तिच्या डोळ्यांना ते शंभराचं वाटलं होतं. तो हो म्हणाला म्हणून पायपुसण्याचा एक धागाही कमी झाला नव्हता. आणि शंभर हा आकडा त्याने नाही, तिने उच्चारला होता. आपण बोललेला भाव समोरच्याने मान्य केला की व्यवहार झाला. तिथून मागे फिरणं म्हणजे भाव करणं नव्हे, शब्द मोडणं. भाव करायला शिकणाऱ्याने पहिला नियम हाच शिकावा, असं आता मला वाटतं: जेवढे पैसे द्यायची तयारी नाही तेवढे मागू नका, आणि जेवढे मागितले तेवढ्याला मिळालं तर घ्या.

दुसरा नियम मी स्वतः कसा शिकले तेही सांगते. त्यात माझी फजिती आहे.

लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने पुष्कळ, त्यामुळे हातगाडीवरसुद्धा भांडी भरपूर मिळत. मला रव्यासाठी झाकणाचा मोठा डबा हवा होता. गाडीवाल्याने एक आकडा सांगितला. मला कुणीतरी शिकवलं होतं की अशा वेळी "पलीकडे स्वस्त देतात" म्हणावं. मी म्हटलं, "अहो, समोरच्या गल्लीत हाच डबा दीडशेला देतात."

तो खाली बसला होता, उठला. "चला ताई, दाखवा. दीडशेला मिळत असेल तर मीच दहा घेतो, मला तर इथे दीडशेला पडत नाही." आणि खरंच चपला घालून माझ्याबरोबर निघाला. गल्लीत असा कुणी भांडीवाला नव्हता, हे मला माहीत होतं. चार पावलं चालून मी म्हटलं, "जाऊ दे, आज घाई आहे." तो हसला नाही, रागावलाही नाही. नुसता परत जाऊन बसला. त्याच्या त्या न बोलण्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी शिव्या दिल्या असत्या तर वाटली नसती.

त्या वर्षी पर्युषणात उत्तम सत्याच्या दिवशी प्रवचन ऐकताना सगळ्यांना आपापली मोठी खोटी आठवत असतील. मला तो डबा आठवत होता. क्षमावाणीनंतर मी त्या गाडीवाल्याला शोधायला गेले. त्या जागी प्लास्टिकच्या बादल्या घेऊन दुसराच कुणी बसला होता. भांडीवाला कुठे गेला हे त्याला माहीत नव्हतं.

तेव्हापासून प्रश्न पडला होता की भाव करणं हेच मुळात खोटं बोलणं आहे का? मनात चारशे द्यायची तयारी असताना तोंडाने अडीचशे म्हणायचं, हे सत्याणुव्रतात कसं बसतं?

हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडला असं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या दुकानदारांनी याच कारणासाठी भाव करणं सोडून दिलं. आधी जास्त सांगायचं आणि मग कमी घ्यायचं, म्हणजे पहिलं बोलणं खोटं होतं, असं त्यांचे गुरू जॉर्ज फॉक्स सांगत. म्हणून ते एकच भाव सांगत आणि त्यालाच विकत. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकलं, पण मग लोक म्हणू लागले की यांच्या दुकानात लहान मूल पाठवलं तरी फसत नाही. आज मॉलमध्ये छापील भाव बघताना मला कधीकधी ते आठवतात.

पण आपला रस्त्यावरचा बाजार तसा नाही. इथे गाडीवाला साडेपाचशे म्हणतो तेव्हा त्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही, की ही किंमत नाही, बोलण्याची सुरुवात आहे. आपण अडीचशे म्हणतो तेही तसंच. "अडीचशेला देता का?" हा प्रश्न आहे. प्रश्न खोटा नसतो, जर तो हो म्हणाल्यावर आपण खरंच घेणार असू. "पलीकडे दीडशेला मिळतं" ही मात्र माहिती आहे, आणि ती खोटी असेल तर खोटंच. "हे माझं शेवटचं" हीसुद्धा माहितीच आहे. मागणं आणि सांगणं यांतला हा फरक मला कळला तेव्हापासून मी निवांत भाव करते. मागायला कितीही मोकळं असावं, सांगायचं ते खरं सांगावं.

पायपुसण्याच्या पुढच्या रविवारी चादर घ्यायची होती. आता मी भाचीला नीट, पायरीपायरीने दाखवायचं ठरवलं. तेच इथे लिहिते.

आधी वेळ. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर बाजारात गेलं की मन घड्याळात अडकतं. घाईतलं गिऱ्हाईक विक्रेत्याला लांबून ओळखू येतं आणि घाईचे पैसे तो लावतो. म्हणून आम्ही साडेतीनला निघालो. अगदी सकाळी, गाडी लागता लागता गेलं तर पहिलं गिऱ्हाईक रिकामं जाऊ नये म्हणून विक्रेता थोडं सोडतो. आपण त्याला भवानी म्हणतो, इकडे बोहनी म्हणतात. पण भवानीच्या वेळी नुसती चौकशी करून, घासाघीस करून, न घेता निघून जाऊ नये. त्याच्या मनाला ते दिवसभर लागतं. नुसतं बघायचं असेल तर दुपारी जावं.

दुसरं, भाव कुठे करायचा हे कळावं. ज्यावर छापील किंमत आहे, ती बंद पाकिटातली वस्तू छापील किमतीपेक्षा जास्तीने विकणं कायद्यानेच चालत नाही, तिथे घासाघिशीचं फारसं कामही नसतं. भाजीत थोडं होतं, पण राई-मुर्ध्याकडून पाटी घेऊन येणाऱ्या बाईशी एका जुडीवर दोन रुपयांसाठी वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. तिथे तीन जुड्या एकदम घेऊन एक भाव विचारावा, पुरे. भाव खरा करायचा तो चादर, कुर्ती, पर्स, चप्पल, भांडी अशा वस्तूंवर, जिथे किंमत लिहिलेली नसते आणि सांगितलेल्या व घ्यायच्या भावात मोठं अंतर असतं.

त्या दिवशी आम्ही आधी पूर्ण गल्ली फिरलो. भाचीला मी सांगितलं होतं, पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही, काही मागायचंही नाही. फक्त "डबल बेडची चादर, दोन अभ्र्यांसकट, कितीला?" एवढं विचारायचं, ऐकायचं आणि "बघून येते" म्हणून पुढे जायचं. एकाने सहाशे सांगितले, एकाने साडेपाचशे, तिसऱ्याने पाचशे. पण त्याहून मोलाची गोष्ट तिसऱ्या गाडीवर झाली. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी तसलीच चादर घेतली आणि पैसे मोजून दिले: साडेतीनशे. सांगितलेला भाव तोंडातून येतो, खरा भाव हातातून जाताना दिसतो. म्हणून दुसऱ्याचे पैसे मोजले जात असतील तिथे अर्धा मिनिट उभं राहावं.

मग आम्ही चहाच्या टपरीजवळ बाजूला उभं राहून आपला आकडा ठरवला. भाचीला विचारलं, "ही चादर तुला जास्तीत जास्त कितीला परवडेल? त्याच्या वर गेली तर तू शांतपणे घरी जाशील असा आकडा सांग." ती म्हणाली, चारशे. मी तिला शंभराच्या चार नोटा पर्समधून काढून वेगळ्या कप्प्यात ठेवायला लावल्या. हल्ली सगळे मोबाईलवरून पैसे देतात, त्याला हरकत नाही, पण शिकणाऱ्याने नोटा वेगळ्या ठेवाव्यात. मोबाईलमध्ये मर्यादा दिसत नाही, कप्प्यात दिसते. आणि हा आकडा गाडीपाशी जायच्या आधी ठरवायचा. चादर हातात आली, रंग आवडला, की आकडा आपोआप वर सरकतो.

आता पहिली मागणी. निम्मे मागायचे हा नियम मी तिला आधी सांगितला होता, तो अंदाजे ठीक आहे, पण का ते कळलं पाहिजे. दोघेही थोडं थोडं सरकत गेले की व्यवहार बहुतेक वेळा दोघांच्या पहिल्या आकड्यांच्या मध्याजवळ येऊन थांबतो. तो साडेपाचशे म्हणाला आणि आपण साडेतीनशे म्हटलं तर मध्य साडेचारशे. म्हणजे आपली चारशेची मर्यादा ओलांडली. आपण अडीचशे म्हटलं तर मध्य बरोबर चारशे. म्हणून आमचा पहिला आकडा अडीचशे ठरला. मर्यादेतून उलटं मोजत पहिल्या आकड्याकडे यायचं, हा हिशेब सोपा आहे.

"मग शंभरच का म्हणू नये?" तिने विचारलं. कारण त्या मालाचं सूत, शिलाई, त्याचा गाडीभाडा आणि बाजारातली फी यात शंभरला ती वस्तू बसत नाही, हे त्याला माहीत असतं. शंभर ऐकलं की त्याला वाटतं ही बाई घ्यायला आलेली नाही, आणि तो बोलणंच थांबवतो. पहिली मागणी इतकी खाली हवी की सरकायला जागा राहील, आणि इतकी वर हवी की समोरचा उत्तर देईल. आणि अर्थात, तो हो म्हणाला तर आपण आनंदाने घेऊ अशी हवी.

मधल्या गाडीवाल्याकडे, ज्याने साडेपाचशे सांगितले होते, त्याच्याकडे आम्हाला नक्षी आवडली होती. तिथे गेलो. भाव काढण्याआधी मी तिला माल बघायला लावला. चादर पूर्ण उघडून दोन्ही टोकं धरली; डबल बेडला साधारण नव्वद बाय शंभर इंच लागते आणि पुष्कळदा पाकिटावर तसं लिहिलेलं असून आतली लहान निघते. शिवण तपासली. ओला रुमाल कोपऱ्यावर घासला, रंग लागतो का पाहिलं. अभ्रे एकाच नक्षीचे आहेत ना, तेही. हे सगळं आधीच करायचं. भाव ठरल्यावर डाग शोधून पुन्हा कमी करायला लावणं मला बरोबर वाटत नाही, आणि आधी सापडला तर तो मोकळेपणाने दाखवता येतो, "इथे शिवण उसवली आहे, याचे किती कमी कराल?"

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यात कमी-जास्त मापं वापरणं आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणं हे दोन आहेत. व्यापारी समाजाला सांगितलेलं व्रत आहे ते, त्यामुळे विक्रेत्याने काय करू नये हे आपल्याला चटकन आठवतं. पण त्याच यादीत चोरून आणलेला माल विकत घेणं हाही अतिचार आहे, आणि तो घेणाऱ्याला लागतो. म्हणून भाचीला सांगून ठेवलं, रस्त्यावर कुणी मोठ्या कंपनीची वस्तू मातीमोल भावात हळूच दाखवायला लागला, तर तिथे भाव करूच नकोस. तिथून नुसतं निघायचं.

चादर बघून झाली. भाची म्हणाली, "अडीचशेला देता का?"

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "दीदी, इतने में तो खरीदी भी नहीं निकलती. पाचशे द्या."

इथे शिकणाऱ्यांची एक चूक होते. आपण बोललो, समोरचा हळहळला, की गप्प बसवत नाही आणि आपणच पुन्हा वर सरकतो. मी तिला आधीच सांगितलं होतं: तो सरकल्याशिवाय तू सरकायचं नाहीस, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी सरकायचं. तो पन्नासने उतरला होता. ती म्हणाली, "दोनशे ऐंशी." तो साडेचारशेवर आला. ती तीनशेवर गेली. तो म्हणाला, "चला, सव्वाचारशे, लास्ट." ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, चादरीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तीनशे वीस."

तीस, वीस, वीस. पावलं लहान होत गेली की न बोलताच कळतं की आता फार पुढे जागा नाही. उलट तीस, मग पन्नास, मग शंभर असं सरकलं तर त्याला कळतं की थांबलं की मिळतंय, आणि तो थांबतो.

तो म्हणाला, "नहीं होगा." भाचीने माझ्याकडे बघितलं. मी मानेने खूण केली. ती म्हणाली, "ठीक आहे दादा, मला आत्ता तीनशे वीसपर्यंतच घ्यायची आहे. धन्यवाद." चादरीची घडी नीट करून गाडीवर ठेवली आणि आम्ही निघालो.

"आत्ता" हा शब्द मी तिला मुद्दाम शिकवला होता. तिची मर्यादा चारशे होती, त्यामुळे "शेवटचे तीनशे वीस" म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. त्या क्षणाला, त्या गाडीवर ती तीनशे वीसला घ्यायला तयार होती आणि त्याहून जास्त न देता दुसरीकडे बघायला तयार होती, हे खरं होतं.

निघून जाण्याबद्दल लोकांचा समज असा की ते नाटक आहे. ते नाटक असेल तर फसतं. ज्याला जायचं नसतं तो हळू चालतो, मागे वळून बघतो, दोन गाड्या सोडून उगाच थांबतो. विक्रेत्याने दिवसातून पन्नास वेळा ते पाहिलेलं असतं. खरोखर दुसरीकडे घ्यायची तयारी असेल तरच निघावं. आमची होती, तिसऱ्या गाडीवर तसलीच चादर साडेतीनशेला जाताना आम्ही पाहिली होती. नक्षी थोडी वेगळी, एवढंच. पहिल्या फेरीचा खरा उपयोग इथे होतो. दुसरी जागा माहीत असेल तर पाय आपोआप सरळ पडतात.

आणि निघून गेल्याने एक गोष्ट कळते जी बोलून कळत नाही. मागून हाक आली तर समजावं की आपला भाव त्याला परवडण्यासारखा, निदान त्याच्या जवळपास होता. हाक आली नाही तर समजावं की आपण खाली होतो. पुढच्या गाडीवर पंचवीस-तीस रुपये वरून सुरू करावं. हाक न येणं म्हणजे अपमान नाही, ती माहिती आहे. त्याच गाडीवर परत जावंसं वाटलं तरी जावं, पण मग त्याने शेवटी सांगितलेला भाव देऊन वस्तू घ्यावी. परत येऊन पुन्हा पहिल्यापासून घासाघीस करायची नाही. आणि जिथे ती वस्तू एकाच माणसाकडे आहे आणि आपल्याला आजच हवी आहे, तिथे निघून जाण्याचं सोंग करू नये. तिथे थोडं जास्त द्यावं आणि घरी यावं.

आम्ही दहा-बारा पावलं गेलो असू. "ओ दीदी! आओ, साढ़े तीन सौ दे दो."

भाची थांबली. तिच्या चेहऱ्यावर मला गेल्या रविवारचंच ते दिसलं: हाक मारली म्हणजे अजून कमी होईल. मी काही बोलले नाही. ती परत गेली, चादर पुन्हा हातात घेतली. तीनशे पन्नास, मर्यादेच्या पन्नास रुपये खाली. अभ्र्यांसकट, रंग न जाणारी, पूर्ण मापाची. ती म्हणाली, "द्या." चार नोटा दिल्या. त्याने पन्नास परत दिले आणि पिशवीत चादर घालताना म्हणाला, "बहुत कम कर दिया आपने." त्यालाही फार वाईट वाटत नव्हतं, हे त्याच्या आवाजात कळत होतं. ज्याचा माल खरेदीच्या खाली जातो तो असं हसून बोलत नाही.

कुणी म्हणेल, तीनशे तीसला मिळाली असती. असेल. शेवटच्या वीस रुपयांसाठी ताणलं तर कधी वीस मिळतात, कधी पूर्ण चादर जाते, आणि प्रत्येक वेळी मनात काहीतरी कडू राहतं. मर्यादेच्या आत आलो की थांबायचं, हा मी माझ्यापुरता घातलेला परिग्रह-परिमाणाचा छोटा धडा आहे. वस्तूचं परिमाण घालतो तसं वाचवण्याच्या हव्यासाचंही घालावं.

पुढे चालताना पायपुसण्यांची ती गाडी लागली. तो माणूस तिथेच होता. भाचीने मला थांबवलं आणि स्वतःच त्याच्याजवळ गेली. काय बोलली ते मला गर्दीत ऐकू आलं नाही. मग तिने आणखी एक पायपुसणं उचललं, बाथरूमसाठी. त्याने किती सांगितले ते तिने विचारलंच नाही. शंभर रुपये त्याच्या हातात दिले, आणि त्याने ते मोजले नाहीत, खिशात टाकले.

उन्हं कलायच्या आत आम्ही घरी पोहोचलो. तिने गादीवर नवी चादर घातली, चारी कोपरे आत खोचले, आणि मग माझ्या मोबाईलवर माझ्या बहिणीला फोटो पाठवला. फोटोखाली लिहिलं होतं: ३५०. मावशीने सांगितलं तसं.